पाणीप्रश्नावरचा प्रबंध: भाषण निवडावं की मुलाखत?

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा लघुप्रबंध असो की पीएच.डी.चा आराखडा, मराठवाड्यात पाणी हा विषय घेणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. संवादविश्लेषण करायचं हेही त्यांचं ठरलेलं असतं, म्हणजे पाण्याबद्दल काय बोललं जातं यापेक्षा त्या बोलण्यातून कोण कुठे उभा राहतो हे बघायचं असतं. अडतं ते सामग्रीपाशी. नेत्यांची सभेतली भाषणं घ्यावीत की शेतकऱ्यांच्या मुलाखती? दोन्ही घेण्याचा मोह होतो, पण सात-आठ महिन्यांत दोन्ही नीट होत नाहीत. म्हणून दोन्हींची तुलना एकाच प्रश्नावर करून दाखवतो, जायकवाडीच्या पाण्यावर. पुढचे दोन्ही उतारे मी नमुन्यासाठी रचलेले आहेत. ते कुणा खऱ्या व्यक्तीचे नाहीत, पण असं बोलणं या भागात राहणाऱ्यांच्या कानावरून गेलेलं असतं.

आधी भाषण. पैठणकडची संध्याकाळची सभा आहे असं समजा.

«आपण दुष्काळ भोगला. आपल्या हक्काचं पाणी वरच अडवलं. पण आज मी शब्द देतो, तुमच्या शेतात पाणी आल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.»

तीन वाक्यांत सर्वनामं कशी सरकतात ते बघा. भोगण्यात ‘आपण’ आहोत. मराठीतलं हे ‘आपण’ ऐकणाऱ्याला आत घेतं, ‘आम्ही’ म्हटलं असतं तर समोरचा बाहेर राहिला असता. तिसऱ्या वाक्यात मात्र ‘आपण’ फुटतं आणि त्याचे ‘मी’ आणि ‘तुम्ही’ होतात. दुःख सामायिक आणि पाणी कुणीतरी कुणालातरी द्यायचं, अशी मांडणी इथे झाली. सभेला आलेला माणूस पहिल्या वाक्यात सहप्रवासी होता, शेवटी तो घेणारा झाला.

आता ‘वरच अडवलं’. कुणी अडवलं हे सांगितलेलं नाही. इंग्रजीतल्या संवादविश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकांत कर्ता गाळलेल्या वाक्यावर बोट ठेवायला शिकवतात, आणि आपले विद्यार्थी तेच इथे लावतात: ‘कर्ता लपवला, म्हणजे जबाबदारी लपवली’. मराठीत हे इतकं सरळ चालत नाही. ‘जेवण केलं’, ‘गाडी विकली’ अशी वाक्यं आपण दिवसभर कर्त्याशिवाय बोलतो आणि काहीच लपवत नाही. तेव्हा गाळलेला कर्ता अर्थपूर्ण आहे का, हे त्याच भाषणात इतरत्र बघून ठरवावं लागतं. या उताऱ्यात चांगल्या कामाचा कर्ता दोनदा ‘मी’ म्हणून ठळकपणे आला आणि वाईट कामाचा एकदाही आला नाही. पुरावा या विषमतेत आहे, एकट्या वाक्यात नाही. पूर्ण भाषणात वीस ठिकाणी हाच साचा दिसला तर निष्कर्ष उभा राहतो. एकदाच दिसला तर तो सोडून द्या.

भाषणाची खरी ताकद पुढच्या थरात आहे. नॉर्मन फेअरक्लॉफ यांची पद्धत तीन थरांची आहे: आधी मजकूर, मग तो मजकूर कुठून आला आणि कसा पसरला, आणि शेवटी तो ज्या समाजव्यवहारात वावरतो तो. ‘हक्काचं पाणी’ या शब्दांना दुसरा थर लावा. २००५च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे, म्हणजे तुटीच्या वर्षी सगळ्या खोऱ्याने तूट वाटून घ्यायची. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा वाद याच तरतुदीवर लढला गेला. सभेत येईपर्यंत ‘वाटून घेणं’ मागे पडतं आणि ‘हक्क’ उरतो. वाटून घ्यायचं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: धरणाच्या खाली, आपल्याआपल्यात, कसं वाटायचं? ‘हक्काचं पाणी’ हा शब्दप्रयोग तो प्रश्न धरणाच्या भिंतीपाशीच थांबवतो. अशी वाट शोधायला कायदा, निकाल, जुन्या वर्तमानपत्रांतले मजकूर असं सगळं हाताशी असतं, आणि भाषणावर काम करणाऱ्याला त्याचा मोठा आधार होतो.

भाषणाच्या अडचणी मी थोडक्यात सांगतो, कारण त्या सांभाळता येतात. छापलेलं भाषण आणि केलेलं भाषण यांत फरक असतो, म्हणून शक्य तिथे पूर्ण चित्रफीत घ्या, दोन मिनिटांचा कापलेला तुकडा नको. विधिमंडळाच्या कार्यवृत्तात अडखळणं, मध्येच आलेली वाक्यं संपादनात जातात आणि कामकाजातून काढून टाकलेले शब्द सापडत नाहीत. त्यामुळे सर्वनामांचा अभ्यास तिथे चालेल, बोलण्याच्या लयीचा चालणार नाही. आणि टाळ्या कुठे पडल्या हे टिपायला विसरू नका. मोठी अडचण एकच. भाषणावरून श्रोत्यांनी काय स्वीकारलं ते कळत नाही. ‘लोकांच्या मनात अशी भावना रुजवली गेली’ असं वाक्य प्रबंधात दिसलं की परीक्षक तिथेच थांबतो, आणि त्याचं बरोबर असतं.

आता मुलाखत. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे, पैठणपासून पार परभणी जिल्ह्यात जाणारा. त्याच्या शेवटाकडच्या, म्हणजे टेलच्या, एका चारीवरचा शेतकरी समोर बसला आहे असं धरा.

«विद्यार्थी: पाणी का येत नाही तुमच्याकडं?
शेतकरी: (थांबून) आता काय सांगावं. टेलला पाणी येतच नाही. आवर्तन सुटतं म्हणे. वरची मंडळी… (थांबून) म्हंजे त्यांचंबी बरोबरच हाये, त्यांचाबी ऊस हाये.
विद्यार्थी: म्हणजे वरचे लोक पाणी अडवतात?
शेतकरी: तसं नाही म्हणत मी. माणसं आपलीच हायेत. साहेब लोकांनी बघाया पाहिजे.»

हे वाचून बहुतेक जण लिहितात: ‘शेतकऱ्याच्या मते टेलला पाणी पोहोचत नाही आणि प्रशासन जबाबदार आहे.’ हे संवादविश्लेषण नव्हे, हा मजकुराचा सारांश झाला. मी विद्यार्थ्यांना एक कसोटी देतो. उतारा स्वतःच्या शब्दांत सांगूनही तुमचा निष्कर्ष जसाच्या तसा टिकत असेल, तर तुम्ही भाषेकडे अजून पाहिलेलंच नाही.

भाषेकडे पाहिलं की वेगळं दिसतं. ‘वरची मंडळी’ म्हणून वाक्य सुरू झालं आणि क्रियापद यायच्या आधी तुटलं. त्या जागी ‘म्हंजे’ आलं आणि आरोपाऐवजी वरच्यांची बाजू आली. पुढच्या प्रश्नात विद्यार्थ्याने न उच्चारलेलं क्रियापद स्वतःच पुरवलं: ‘अडवतात’. ते स्वीकारलं तर शेतकरी शेजाऱ्यांवर आरोप करणारा ठरतो. ‘तसं नाही म्हणत मी’ म्हणून तो ती जागा नाकारतो, वरच्यांना ‘आपलीच माणसं’ करून आत घेतो आणि जबाबदारी साहेब लोकांकडे वळवतो. ब्रॉन्विन डेव्हिस आणि रॉम हॅरे यांनी १९९० साली पोझिशनिंगची जी कल्पना मांडली ती हीच: बोलताना माणूस स्वतःला आणि समोरच्याला एकेका जागेवर बसवतो, आणि दिलेली जागा नाकारूही शकतो. विद्यापीठातून टेपरेकॉर्डर घेऊन आलेला विद्यार्थी हाही त्याच्या दृष्टीने अर्धा साहेबच असतो, हे लक्षात घेतलं तर शेवटचं वाक्य नुसती तक्रार राहत नाही. ते समोरच्यालाच उद्देशून असू शकतं. ‘म्हणे’कडेही बघा. आवर्तन सुटल्याची बातमी आपण पाहिलेली नाही, ऐकलेली आहे, एवढं अंतर तो दोन अक्षरांत ठेवतो.

दोन्ही उतारे शेजारी ठेवले की निवडीचा मुद्दा उघडा पडतो. सभेतलं ‘वर’ म्हणजे नाशिक-नगर. शेतकऱ्याचं ‘वर’ म्हणजे त्याच कालव्यावर आधी पाणी घेणारा, मराठवाड्यातलाच माणूस. भाषणातलं ‘आपण’ एकसंध आहे, मुलाखतीत त्याच ‘आपण’ला तडा जाताना दिसतो आणि बोलणारा तो लगेच बुजवतो. ही बुजवण्याची क्रिया भाषणात कधीच सापडणार नाही, कारण तिथे उलट विचारणारा कुणी नसतो. माझ्या मते पाण्यावरच्या अभ्यासात आज जास्त नवं काही हाती लागेल ते इथे.

पण किंमतही मोठी आहे. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाचं साधं लेखन पाच-सहा तास खातं. थांबे, बोलण्यावर बोलणं, अर्धवट सुटलेली वाक्यं हे सगळं गेल जेफरसन यांच्या खुणांनी टिपायचं तर त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. म्हणून सगळी मुलाखत साधी लिहा आणि निवडलेली चार-पाच पानंच बारकाईने टिपा. लिहिताना दोन चुका फार होतात. एक, ‘हाये’चं ‘आहे’ आणि ‘बघाया’चं ‘बघायला’ करून टाकणं. बोली पुसली की कोणत्या वाक्यात माणूस प्रमाण भाषेकडे सरकला हेही पुसलं जातं, आणि अधिकाऱ्यांचा विषय निघाला की तो नेमका सरकतो. दुसरी चूक त्याहून गंभीर: स्वतःचे प्रश्न गाळून फक्त उत्तरं देणं. वरच्या उताऱ्यातून विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न काढून बघा. ‘तसं नाही म्हणत मी’ हवेत लटकतं आणि ‘अडवतात’ हा शब्द कुणाचा होता तेच कळत नाही. बोलणाऱ्याची संमती आणि गावाचं नाव झाकणं हेही आलंच. टेलच्या चारीचा नंबर लिहिला तरी माणूस ओळखू येतो.

तर कुणी काय घ्यावं? हातात सहा महिने, गावात ओळख नाही आणि मार्गदर्शक वेळ देणारे नसतील, तर भाषण घ्या. एकाच नेत्याची तीन-चार पूर्ण भाषणं, एकाच प्रश्नावरची, वेगवेगळ्या ठिकाणची. पैठणला ‘आपण’ कोण होतं आणि मुंबईत सभागृहात कोण झालं, एवढा एक प्रश्नही प्रबंधाला पुरतो. गाव तुमचं असेल, चारीवर तुमच्या घरचंही रान असेल, तर मुलाखती घ्या, चार-पाचच घ्या, आणि तुम्ही कुणाचे कोण आहात हे विश्लेषणात लिहा, कारण समोरचा ते धरूनच बोलत असतो. वाहिनीवरची नेत्याची मुलाखत हा मधला मार्ग अनेकांना आवडतो. तिथे उलट प्रश्न असतो आणि सामग्री आयती मिळते. पण दोघंही सराईत असतात आणि बोलणं प्रेक्षकांसाठी असतं, त्यामुळे ती भाषणाच्या बाजूला धरावी.

मुलाखतीकडे कल असेल तर आराखडा द्यायच्या आधी एकच प्रायोगिक मुलाखत करा आणि तिची दोन पानं लिहून काढा. त्या दोन पानांत तुम्ही पुरवलेली क्रियापदं अधोरेखित करा. ‘अडवतात’, ‘फसवतात’, ‘लुटतात’ अशी क्रियापदं तुमच्याच प्रश्नांत सापडली, तर प्रश्न बदला. ‘मागचं आवर्तन सुटलं तेव्हा काय झालं ते सांगा’ असं विचारा आणि पहिलं क्रियापद त्याला निवडू द्या.