जेलवाला घ्यावा की भरता येणारा? सामू मोजणाऱ्या इलेक्ट्रोडची निवड

सावद्याचा भाचा केळीच्या ड्रिपसाठी पाण्याचा आणि मातीचा सामू घरीच मोजतो. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, "मामा, जुना इलेक्ट्रोड गेला. दुकानदार दोन दाखवतोय. एक जेलभरला, कायमचा बंद, त्याची काही देखभालच नको म्हणतो. दुसऱ्यात पोटॅशियम क्लोराईडचं पाणी भरत राहावं लागतं, आणि महागही आहे. कोणता घेऊ?"

मी विचारलं, "जुना गेला म्हणजे त्यातलं काय गेलं?" त्याला सांगता येईना. एका नळीत दोन इलेक्ट्रोड असतात, हेच बहुतेकांना कोणी सांगितलेलं नसतं. त्यातला कोणता दगा देतोय हे कळल्याशिवाय महागाचा घेण्यात अर्थ नाही.

टोकाचा पातळ फुगा हा काचेचा इलेक्ट्रोड. ही काच ओली झाली की तिच्या पृष्ठभागावर पाणी मुरलेला अगदी पातळ थर तयार होतो, आणि द्रावणातले हायड्रोजन आयन त्या थरात देवघेव करतात. फुग्याच्या आत साधारण ७ सामूचं बफर, म्हणजे सामू ठरलेला असलेलं द्रावण, कायमचं बंद असतं. आतबाहेर जेवढा फरक, तेवढं विभव काचेवर उमटतं. पण विभव मोजायला दोन टोकं लागतात. दुसरं टोक म्हणजे संदर्भ इलेक्ट्रोड: सिल्व्हर क्लोराईडचा लेप असलेली चांदीची तार, ती बुडालेली पोटॅशियम क्लोराईडमध्ये, आणि नमुन्याशी संबंध फक्त एका सच्छिद्र बारीक ठिपक्यातून. त्याला जंक्शन म्हणतात. नमुना कोणताही असो, या टोकानं जागचं हलायचं नाही, एवढंच त्याचं काम. मीटर दाखवतो तो या दोघांमधला फरक. २५ अंश सेल्सिअसला त्याचं सूत्र असं:

```
E = E0 - 59.16 × pH   (mV)
```

म्हणजे सामू १ ने वाढला की आदर्श इलेक्ट्रोडचं वाचन ५९.१६ मिलिव्होल्टनं उतरतं. तापमान वाढलं की हा आकडाही वाढतो, ४० अंशांना ६२.१ होतो. आपल्याकडे मे महिन्यात पंपाच्या खोलीत मोजायचं तर तापमानाची तार जोडलेली हवीच. मात्र ती फक्त हा उतार दुरुस्त करते. पाण्याचा स्वतःचा सामू तापमानानं बदलतो, त्याला ती काही करत नाही.

सूत्रातल्या pH बद्दल एक गोष्ट दुकानात कोणी सांगणार नाही. काचेला कळते ती हायड्रोजन आयनांची क्रियाशीलता, त्यांची मोजदाद नव्हे. भोवती इतर आयनांची गर्दी असली की प्रत्येक आयनाचा प्रभाव थोडा कमी पडतो. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू कागदावर बरोबर १ येतो, पण मीटर साधारण १.१ दाखवतो, आणि मीटरचंच बरोबर असतं. सोरेनसेननं १९०९ मध्ये ही कल्पना मांडली ती संहतीवर; क्रियाशीलतेवर आधारलेली व्याख्या १९२४ मध्ये आली. शिवाय एकट्या आयनाची क्रियाशीलता वेगळी काढून मोजता येत नाही, म्हणून सगळी मापं ठरावीक बफरांशी बांधलेली आहेत. बफर लावून मीटर जुळवणं हाच मापाचा पाया आहे.

आता भाच्याचा जुना इलेक्ट्रोड. मी त्याला मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही बफर मोजायला लावले. नवा असताना ७.०० च्या बफरमध्ये उणे ४ आणि ४.०१ मध्ये अधिक १६८ यायचे, हे त्यानं वहीत लिहून ठेवलेलं होतं (शाबास). आता आले उणे २२ आणि अधिक १५०. दोन्ही वेळा फरक १७२ मिलिव्होल्ट. त्याला २.९९ नं भागलं की दर सामूमागे ५७.५, म्हणजे आदर्शाच्या ९७ टक्के. उतार जसाच्या तसा राहिला, म्हणजे काच ठणठणीत आहे. सगळं वाचन मात्र १८ मिलिव्होल्टनं खाली सरकलंय. सरकला तो संदर्भ इलेक्ट्रोड. जंक्शनमधून आतलं क्लोराईड हळूहळू बाहेर जातं. ते निम्म्यावर आलं की साधारण इतकाच सरकाव येतो. १८ ला ५७.५ नं भागलं तर ०.३१. महिनाभर बफर न लावता तो ७.६ चं विहिरीचं पाणी ७.९ समजून आम्ल जास्त टाकत होता.

उलट केस माझ्याच प्रयोगशाळेतली. ७ च्या बफरमध्ये उणे ३, म्हणजे संदर्भ जागेवर. ४.०१ मध्ये मात्र अधिक १३७ च. उतार ४६.८, आदर्शाच्या ७९ टक्के. इथे काच थकली होती. कोणीतरी रात्रभर कोरडी ठेवली होती, वर नमुन्याचा थर. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात वीस मिनिटं आणि मग ३ मोलर पोटॅशियम क्लोराईडमध्ये रात्रभर ठेवून बघायचं. तरी उतार ९० टक्क्यांच्या खाली राहिला तर तो टाकूनच द्यावा.

जेलवाला आणि भरता येणारा, दोघांची काच तशीच असते, तशीच म्हातारी होते. जास्तीचे पैसे संदर्भाच्या बाजूला जातात. जेलवाल्यात क्लोराईड संपलं की पुन्हा भरता येत नाही, बफर लावून थोडे दिवस ओढता येतात, मग नवा आणायचा. भरता येणाऱ्यात द्रावण बदललं की संदर्भ पुन्हा ताजा. त्यातलं द्रावण हळूहळू बाहेर झिरपतं, त्यामुळे जंक्शनमध्ये चिकणमाती बसत नाही. आपल्या काळ्या मातीच्या गढूळ पाण्यात हा फरक लगेच दिसतो: जेलवाल्याचं वाचन मिनिटं उलटली तरी स्थिर होत नाही आणि ढवळलं की उडी मारतं. शेणाची स्लरी किंवा जीवामृत मोजणार असाल तर आणखी एक अडचण आहे. त्यातलं सल्फाईड चांदीला मिळून जंक्शन काळं करतं. तिथे दुहेरी जंक्शनचाच हवा, म्हणजे चांदीच्या द्रावणाला नमुना थेट भेटत नाही.

विहिरीचं आणि टाकीचं नितळ पाणी एवढंच मोजायचं असेल तर मी निःसंकोच जेलवाला सांगेन, आणि उरलेल्या पैशांत ताजे बफर. ते बऱ्याच घरांत झाकण उघडं टाकून ठेवलेले असतात, तो वेगळाच वैताग. भाचा मातीही मोजतो, म्हणून त्याला भरता येणारा, दुहेरी जंक्शनचा घ्यायला लावला. मातीत मात्र एक पथ्य पाळायचं: एक भाग माती, अडीच भाग पाणी ढवळल्यावर जंक्शन गाळात राहिलं तर वेगळं वाचन येतं, वरच्या नितळ पाण्यात वेगळं. दरवेळी एकाच जागी बुडवायचं.

काल पुन्हा फोन आला. "मामा, नवाकोरा आणला आणि हाही स्थिर होत नाही भो!" विचारलं तर भरण्याच्या छिद्रावरचं रबरी बूच त्यानं घट्ट लावून ठेवलं होतं, आणि आतलं द्रावण नमुन्याच्या पातळीच्या खाली होतं. बूच काढायला सांगितलं, वर बोटभर जागा सोडून द्रावण भरायला सांगितलं. पाच मिनिटांनी मेसेज आला: उणे २, आणि ४.०१ ला अधिक १७१.