‘वॉरंट’ दाखवून आईचे दागिने नेले

डोंबिवलीत आई-बाबा दोघेच राहतात. भर दुपारी साध्या वेशातली तीन माणसं दारात आली. एकाने मोबाइलवर ‘सर्च वॉरंट’ दाखवलं आणि म्हणाला, “तुम्ही ज्या सराफाकडून दागिने घेतलेत, तो चोरीचं सोनं विकतो. झडती घ्यायची आहे.” बाबा वाचायला लागले तेवढ्यात मोबाइल खिशात गेला. आईला स्वयंपाकघरात बसवून ठेवलं. बांगड्या, हार आणि कपाटातली रोकड एका पिशवीत भरली. बाबांनी पावती मागितली तर म्हणाले, “उद्या पोलीस ठाण्यात या, पंचनामा तिथे होईल.” दुसऱ्या दिवशी ठाण्यात असं कुठलंच प्रकरण नव्हतं.

त्यानंतर सोसायटीने एका वकीलबाईंना रहिवाशांशी बोलायला बोलावलं. त्यांनी सगळ्यात आधी त्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. झडतीचा पंचनामा घरातच होतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 103 प्रमाणे परिसरातले किमान दोन तटस्थ पंच समोर हवेत आणि घरमालकाला झडती बघू द्यावी लागते. नेलेल्या प्रत्येक वस्तूची यादी होते, पंच तिच्यावर सही करतात आणि यादीची प्रत तिथेच आपल्या हातात मिळते. कलम 105 प्रमाणे या सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरणही बंधनकारक आहे. आमच्याकडे यातलं काहीच झालं नाही. आईला दुसऱ्या खोलीत बसवलं, तिथेच संशय यायला हवा, असं बाई म्हणाल्या.

पंच व्हायला आपण सगळेच कचरतो, कोर्टाच्या फेऱ्या नकोत म्हणून. पण खास समन्स आल्याशिवाय पंचाला साक्षीला जावं लागत नाही. उलट लेखी आदेश मिळूनही सबळ कारणाशिवाय नकार दिला तर तो गुन्हा ठरतो. तेव्हा शेजारच्या घरात झडती चालू असेल तर दार लावून घेऊ नका, बाहेर या.

वॉरंटवर कोर्टाचं नाव, न्यायाधीशांची सही आणि शिक्का असतो. ते शांतपणे वाचायला मागा. जाळीचं दार बंद ठेवूनच 112 ला फोन करा आणि तुमच्या हद्दीच्या ठाण्यातून ही माणसं आली आहेत का, हे विचारा. त्यांनी स्वतः दिलेल्या नंबरवर फोन करू नका, कारण पलीकडे त्यांचाच साथीदार असू शकतो.

मात्र पोलीस खरे आहेत अशी खात्री पटली की दार उघडावंच लागतं. अडवलं तर त्यांना दार तोडून आत येण्याचा अधिकार आहे. तातडीच्या तपासात वॉरंटशिवायही झडती घेता येते, पण तेव्हाही पंच, यादी आणि चित्रीकरण टळत नाही.

आम्ही गुन्हा नोंदवला आहे. दागिने अजून मिळालेले नाहीत. वॉचमनला आता सूचना आहे की, पोलीस म्हणून कोणी आलं तर अडवायचं नाही, पण लगेच सेक्रेटरींना आणि त्या घराच्या शेजाऱ्यांना फोन करायचा.