रजेचा नियम: छापील मराठी की बोली मराठी?

कामगारांसाठी रजेचा नियम मराठीत छापायचा, तर भाषा कोणती हवी? एकच कलम दोन प्रकारे लिहून पाहू.

छापील मराठीत: "पूर्वपरवानगीशिवाय सलग 10 दिवसांहून अधिक अनुपस्थिती गैरवर्तन समजली जाईल, शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते."

बोलीत: "न सांगता सलग 10 दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात, तर नोकरी जाईल."

दुसरं लगेच कळतं, पण चुकीचं आहे. 'न सांगता' वाचून कामगार म्हणतो, "फोन केला होता की!" सांगणं म्हणजे मंजुरी नव्हे. शिवाय 'होऊ शकते'चं 'जाईल' झालं, म्हणजे चौकशीआधीच शिक्षा.

मी बोलीच निवडेन, पण अशी: "नुसता फोन पुरत नाही. सुपरवायझरने रजा मंजूर करायला हवी. मंजुरीशिवाय सलग 10 दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात, तर कारवाई होऊ शकते."

छापण्याआधी दोघा-तिघांना वाचून दाखवा. "कळलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात, "अकराव्या दिवशी काय होईल?" विचारा.