ओझे स्पेक्ट्रोमीटर, आठ महिन्यांनंतर: आठ व्होल्टांचं भांडण

हे यंत्र नमुन्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत मारतं आणि बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवरून पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगतं. आधीच सांगतो, पहिल्या चार महिन्यांत मी याला पाचपैकी दोनच गुण दिले असते. ज्याच्यावरून यंत्राला नाव मिळालं त्या पियर ऑजेच्या आडनावाचा फ्रेंच उच्चार मराठी कानाला ‘ओझे’ असाच ऐकू येतो, आणि तेव्हा मला ते अगदी पटायचं. नमुना बदलताना चुकून हवा आत गेली की कक्ष भाजून पुन्हा निर्वात करण्यात दोन दिवस जातात.

भांडण पेटलं ते एका डागाळलेल्या कनेक्टरवरून. आत निकेल, वर सोन्याचा पातळ मुलामा, आणि तक्रार अशी की सोल्डर धरत नाही. क्ष-किरणांच्या यंत्राने निकेल दाखवलं होतं, पण त्याची नजर मायक्रॉनभर खोल जाते. ते निकेल सोन्याखालचं की वर आलेलं, हे त्यातून कळेना. म्हणून नमुना इकडे आणला.

ऊर्जेच्या आलेखावर कार्बनचं शिखर 272 इलेक्ट्रॉन व्होल्टला असायला हवं, ते आलं 280 ला. ऑक्सिजन 510 ऐवजी 518 ला, निकेल 848 ऐवजी 856 ला. झोत 5 किलोव्होल्टवरून 3 वर आणला तर सगळी शिखरं पुन्हा सरकली! माझं डोकंच फिरलं. कारण या यंत्राचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर आहे: झोत कितीही बदला, शिखर हलता कामा नये.

का हलू नये? झोतातला इलेक्ट्रॉन अणूच्या आतल्या कवचातला एक इलेक्ट्रॉन उडवतो आणि तिथे जागा रिकामी होते. झोताचं काम तेवढंच, ती जागा कोणी रिकामी केली याचा पुढे संबंध राहत नाही. वरच्या कवचातला इलेक्ट्रॉन खाली उतरून ती जागा भरतो आणि उरलेली ऊर्जा शेजारच्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनला देतो. तो बाहेर पडतो, आणि आपण मोजतो ते त्यालाच. सिलिकॉनचं उदाहरण घ्या. K कवचाची बंधनऊर्जा 1839, L ची 99. एक L चा इलेक्ट्रॉन खाली आला, दुसरा L चा सुटला: 1839 − 99 − 99 = 1641. प्रत्यक्षात शिखर दिसतं 1616 च्या आसपास, कारण मागे दोन रिकाम्या जागा उरतात आणि दुसरा इलेक्ट्रॉन अशा अणूतून सोडवायला जास्त ऊर्जा लागते. तरी आकडा त्या अणूच्या पातळ्यांवरूनच ठरतो, आणि त्या पातळ्या प्रत्येक मूलद्रव्याच्या वेगळ्या. म्हणून ओळख पटते. हायड्रोजन आणि हेलियमकडे तेवढे इलेक्ट्रॉनच नाहीत, ते दिसत नाहीत.

तर मी सर्व्हिसवाल्याला फोन लावला. ऊर्जा मोजणारा विश्लेषक बिघडलाय, फेऱ्या मारून कंटाळलो, वगैरे सगळं ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, तांब्याचा तुकडा ठेवून बघा.” ठेवला. 920, जिथे हवं तिथेच. “आता सांगा, कनेक्टर कशावर चिकटवलाय?”

साध्या दुहेरी चिकटपट्टीवर. कार्बनची वाहक पट्टी संपत आली होती आणि मी ती जपून वापरत होतो. कनेक्टरचं अंग प्लास्टिकचं, खाली साधी पट्टी, म्हणजे धातूच्या पिनेला जमिनीशी नीट वाटच नव्हती. पिन उणे 8 व्होल्टवर चढली, आणि तिच्यातून सुटणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला तेवढाच जास्तीचा धक्का मिळाला. झोत बदलला की साचणारा विद्युतभार बदलतो, म्हणून शिखरंही हलली. खूण माझ्या डोळ्यांसमोरच होती. रासायनिक बदल असता तर एखाद्या मूलद्रव्याचंच शिखर सरकलं असतं. सगळी शिखरं सारखीच सरकली की तो भार समजायचा.

पिन तांब्याच्या पातळ पत्र्याने धारकाला जोडली. कार्बन 272 वर. मी फोन करून माफी मागितली.

आणि मग यंत्राने जे दाखवलं त्याने माझं मत फिरलं. डागावर निकेल आणि ऑक्सिजन ठसठशीत, शेजारच्या स्वच्छ जागेवर निकेलचं नावही नाही. एवढ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन ऊर्जा न गमावता फार तर दोनेक नॅनोमीटरमधूनच बाहेर येतात, त्यामुळे दिसतंय ते निकेल वरचंच. आर्गॉनच्या आयनांनी पृष्ठभाग थोडा खरवडला तर निकेल आणि ऑक्सिजन मावळले आणि सोन्याची शिखरं वाढली. म्हणजे निकेल सोन्याच्या कणांमधल्या फटींतून वर आलं, तिथे त्याचा ऑक्साइड झाला आणि सोल्डर त्यावरच अडलं.

आता चार गुण. पाचवा नाही, कारण झोत एका जागी जास्त वेळ ठेवला की कक्षातल्या उरल्यासुरल्या वायूंतून तिथे कार्बन साचतो, आणि मग डागाचा कार्बन कोणता आणि माझा कोणता यावर पुन्हा वाद. वाहक पट्टीचे दोन रोल मात्र आता कपाटात आहेत.