विमानाचं तिकीट आत्ता काढावं की थांबावं? इंधन आणि रुपया यांचा भार शेजारी ठेवून पाहू

प्रवासाला चार महिने आहेत. बातम्यांत तेल महागतंय, रुपया घसरतोय, आणि घरात एकच प्रश्न फिरतोय: तिकिटं लगेच काढून टाकायची का? माझं उत्तर प्रवास कुठला आहे यावर ठरतं. मुंबई-दिल्लीसारख्या देशातल्या प्रवासात या दोन बातम्यांमुळे घाई करू नये. मुंबई-लंडनसारख्या प्रवासात मात्र रुपयाची घसरण गांभीर्याने घ्यावी. दोन्हीकडचा हिशेब असा.

आधी मुंबई-दिल्ली. अंतर सुमारे १,१५० किलोमीटर. १८६ आसनांचं एअरबस ए-३२० निओ या फेरीत ढोबळमानाने साडेचार किलोलिटर इंधन जाळतं, म्हणजे साडेचार हजार लिटर. विमानाच्या इंधनाचा, म्हणजे एटीएफचा भाव किलोलिटरला ९० हजार रुपये धरला, तर एका फेरीचं इंधन चार लाखांच्या थोडं वर जातं. विमानात १५५ प्रवासी असतील तर माणशी सुमारे २,६०० रुपये. म्हणजे एटीएफ दहा टक्क्यांनी महागलं, तर कंपनीचा माणशी खर्च २६० रुपयांनी वाढतो. दिवाळीच्या आठवड्यात याच मार्गाचं भाडं काही हजारांनी वर जातं, त्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

हा अंदाज ताडून पाहता येतो. जून २०२३ मध्ये दिल्लीत एटीएफ किलोलिटरला सुमारे ८९ हजार रुपये होतं. ऑक्टोबरपर्यंत ते १ लाख १८ हजारांवर गेलं. वरच्या हिशेबाने मुंबई-दिल्लीचा माणशी खर्च साधारण ८४० रुपयांनी वाढायला हवा. त्याच ऑक्टोबरात इंडिगोने अंतरानुसार ३०० ते १,००० रुपयांचा इंधन-आकार लावला, आणि १,००१ ते १,५०० किलोमीटरसाठी तो ५५० रुपये होता. म्हणजे तीस टक्क्यांहून मोठ्या दरवाढीनंतरही या आकारातून वसूल झाला तो साधारण दोन तृतीयांश भार. जानेवारी २०२४ मध्ये आकार काढला, तेव्हा एटीएफ १ लाख २ हजारांच्या आसपास होतं, जूनपेक्षा अजूनही महागच. स्पर्धा असलेल्या मार्गावर कंपन्या इंधनाचा सगळा भार प्रवाशावर टाकू शकत नाहीत, हे यावरून दिसतं.

इथे रुपयाचा हिशेब करताना एक चूक हमखास होते. सरकारी तेल कंपन्या दर महिन्याच्या १ तारखेला एटीएफचा नवा भाव जाहीर करतात. तो आधीच्या काळातल्या आंतरराष्ट्रीय सरासरी दरावर आणि डॉलरच्या सरासरी भावावर ठरतो. म्हणजे रुपयाची घसरण त्या भावात आधीच मिसळलेली असते. एटीएफ पाच टक्के वाढलं आणि रुपया पाच टक्के घसरला, म्हणून दहा टक्के धरणं म्हणजे एकच भार दोनदा मोजणं. रुपयाचा वेगळा परिणाम उरतो तो विमानांच्या डॉलरमधल्या भाड्यावर आणि देखभालीवर. त्यांचा खर्च माणशी दीड हजार धरला, तर रुपयाच्या पाच टक्के घसरणीने त्यात पाऊणशे रुपयांची भर पडते. तेवढ्यासाठी चार महिने आधी पैसे अडकवू नयेत.

कच्च्या तेलाच्या बातमीवरही थेट विसंबू नये. विमानात कच्चं तेल जात नाही, त्यापासून केलेलं केरोसीन जातं, आणि शुद्धीकरणाचा नफा वाढला की कच्चं तेल स्थिर असतानाही एटीएफ महागतं. तेव्हा पाहायचं ते १ तारखेचा एटीएफचा भाव.

आता मुंबई-लंडन. इथे समजा जाऊन-येऊन तिकीट ६० हजारांचं आहे. परदेशी कंपनीचा खर्च डॉलर-पौंडात असतो, आणि तिला तेवढेच डॉलर घरी न्यायचे असतील, तर रुपया पाच टक्के घसरल्यावर तेच तिकीट ६३ हजारांवर न्यावं लागतं. मुंबई-दिल्लीत भार खर्चाच्या एका भागावर पडत होता, इथे तो जवळजवळ पूर्ण तिकिटावर पडतो. लंडनहून परतताना लागणारा ब्रिटिश प्रवासकरही पौंडातलाच.

कुठल्या चलनापुढे रुपया घसरला, हेही बघावं. मार्च २०२५ च्या अखेरीस डॉलर साडेपंच्याऐंशी रुपयांच्या आसपास होता. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याने ९० ओलांडले, म्हणजे पाच टक्क्यांची वाढ. त्याच काळात पौंड ११० वरून १२० च्या जवळ गेला, म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त. दुबईमार्गे नेणाऱ्या कंपनीचं दिरहम डॉलरला बांधलेलं असल्याने तिला पाच टक्क्यांचा फटका, तर ब्रिटिश कंपनीला आठचा. म्हणून अशा महिन्यांत आखातमार्गे जाणारं तिकीट तुलनेने कमी वाढण्याची शक्यता असते. थेट विमान आपलं भाडं त्याच्यापासून फार दूर नेऊ शकत नाही.

लांबच्या फेरीत इंधनाचा वाटाही मोठा असतो, पण तो उशिरा पोचतो. युरोपातल्या बऱ्याच कंपन्या इंधनाचा काही भाग कित्येक महिने आधीच ठरलेल्या दराने घेऊन ठेवतात. भारतीय कंपन्या सहसा तसं करत नाहीत, त्यामुळे त्यांना भाववाढ पुढच्याच महिन्यात लागते.

भाडं खरोखर इंधन-रुपयामुळे वाढलं की विमान भरतंय म्हणून, हे ओळखता येतं, आणि निर्णयासाठी मला हेच सगळ्यात उपयोगी वाटतं. एकाच विमानातली आसनं वेगवेगळ्या दरांच्या गटांत विभागलेली असतात. स्वस्त गट संपला की फक्त त्या तारखेचं भाडं उडी मारतं आणि शेजारच्या मंगळवारचं जागेवर राहतं. इंधन किंवा चलनाचा भार मात्र सगळ्या तारखांवर, अगदी रिकाम्या हंगामातल्या तारखांवरही, साधारण सारखाच पडतो, आणि दोन-तीन कंपन्यांत साधारण एकाच सुमाराला दिसतो. म्हणून तुमची तारीख आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी येणारी एक गर्दी नसलेली तारीख, अशा दोन्हींची भाडी दर आठवड्याला लिहून ठेवा. फक्त तुमची वाढली तर गट संपतायत. थांबून ते परत येण्याची आशा कमी, त्यामुळे काढून टाका. दोन्ही सारख्याच वाढल्या तर भार बाहेरचा आहे. तेव्हा देशातलं तिकीट असेल तर सुट्ट्यांची तारीख जवळ येईपर्यंत थांबायला हरकत नाही. परदेशाचं असेल आणि रुपया अजून घसरत असेल, तर थांबू नका. पुढची घसरण भाड्यांत उतरायला बऱ्याचदा काही आठवडे लागतात, आणि स्वस्तात घ्यायची संधी त्याच आठवड्यांत असते.

परदेशाच्या तिकिटाचा तपशील उघडला की मूळ भाड्याखाली `YQ` अशी ओळ दिसू शकते. तो कंपनीने लावलेला आकार, बहुतेकदा इंधनाच्या नावाने. मूळ भाडं तेच असून ही ओळ वाढली असेल तर कारण उघड आहे. एकदा तिकीट निघालं की नंतरची वाढ त्यावर सहसा येत नाही. पण जागा नुसती अडवून ठेवली असेल तर येऊ शकते.

सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. किमतीचा एक भाग रुपयांत, एक भाग डॉलर किंवा युरोत, आणि खाली इंधन-आकार वाढल्यास फरक प्रवाशाने द्यावा असं कलम, ही रचना नेहमीची. तिथे लवकर नाव नोंदवलं म्हणून रुपयाच्या घसरणीपासून सुटका होत नाही, कारण परकीय चलनाचा भाग हप्ता भरण्याच्या दिवशीच्या दराने मोजला जातो. तो भाग आधीच पूर्ण भरता येतो का, आणि कुठल्या दिवशीचा व कुठल्या बँकेचा दर धरणार, हे नोंदणीआधी लेखी घ्यावं.