सांबार-पालकाला ताजं शेण की कुजलेलं शेणखत?

आमच्या परसात सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि पालक लावलेले दोन वाफे शेजारी-शेजारी होते. एकात गोठ्यातलं ताजं शेण कालवलं, दुसऱ्यात उकिरड्यावर सहा महिने मुरलेलं खत. ताज्या शेणाच्या वाफ्यातली कोवळी रोपं पिवळी पडली, कारण कुजताना शेण तापतं. पण खरी भीती जंतूंची. कच्च्या शेणातले जंतू मातीत कित्येक आठवडे जगतात आणि पालक तर महिना-सव्वा महिन्यातच कापणीला येतो. मातीला टेकणाऱ्या भाजीसाठी ताजं शेण आणि काढणी यांत 120 दिवसांचं अंतर ठेवावं, असा अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीचा नियम आहे. पालेभाजीत ते जमायचं कसं?

मुरलेलं खत हातात घेतलं की कळतं: काळं, भुसभुशीत, थंड, शेणाचा वास नाही. मी तेच वापरते.

तरी धुणं चुकत नाही. जुडी सोडा, मुळं कापा, मोठ्या गंजात पाण्यात हलवा. मग पानं वर उचलून घ्या. पाणी ओतलं तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. तळाशी कचकच उरेनाशी होईपर्यंत पाणी बदला, बहुधा तीनदा तरी. धुण्यानं जंतू कमी होतात, सगळे जात नाहीत. म्हणून ताज्या शेणावरचा सांबार कच्चा खाऊच नका.