बीपीएसके की डीबीपीएसके: पाऊण डेसिबलचा हिशेब

प्रोजेक्टच्या रिसीव्हरसाठी कोहेरंट बीपीएसके घ्यावं की डिफरन्शियल, म्हणजे डीबीपीएसके, असं धाकट्या भावाने विचारलं. दोन्हींत बिट कॅरिअरच्या फेजमधून, 0 किंवा 180 अंशांच्या फरकाने, जातो. दोन्हींत एका सिम्बॉलमागे एकच बिट, त्यामुळे बँडविड्थ सारखीच. फरक पडतो तो सिग्नलच्या ताकदीत आणि रिसीव्हरच्या कटकटीत.

निव्वळ गॉसियन नॉइज धरला तर बिट चुकण्याच्या शक्यतेची, म्हणजे Pb ची, सूत्रं अशी; Eb/N0 म्हणजे नॉइजच्या तुलनेत एका बिटची ऊर्जा:

```
BPSK:  Pb = Q(sqrt(2*Eb/N0))
DBPSK: Pb = 0.5*exp(-Eb/N0)
```

लाखात एक बिट चुकलेला चालणार असेल, तर कोहेरंटला सुमारे 9.6 डेसिबल Eb/N0 लागतो, डिफरन्शियलला 10.3. म्हणजे फरक जेमतेम पाऊण डेसिबलचा. हजारात एक चूक चालत असेल, तर तोच फरक 1.1 होतो.

कोहेरंटची खरी किंमत कॅरिअर रिकव्हरीत, म्हणजे रिसीव्हरने कॅरिअरचा फेज शोधून काढण्यात, आहे. हे काम करणारा कॉस्टास लूप 0 अंशावर लॉक होतो तसा 180 अंशांवरही होतो, आणि मग प्रत्येक बिट उलटा येतो. हे ओळखणं सोपं आहे: एरर रेट 0.5 च्या आसपास असेल तर लॉकच नाही, 1 च्या जवळ असेल तर फेज उलटलाय. उपाय म्हणून आधी ठाऊक असलेले बिट पाठवावे लागतात. डिफरन्शियलमध्ये फक्त मागच्या सिम्बॉलशी तुलना होते, म्हणून ही भानगडच नाही. मात्र चुका बऱ्याचदा जोडीने येतात.

लांबचा, अशक्त सिग्नल असेल तर कोहेरंटच. छोटे पॅकेट आणि साधा रिसीव्हर असेल तर मी डिफरन्शियल घेईन.